दोन रकाने, तीन तारखा

फोंड्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेचे फलक, नाटकांच्या जाहिराती अशी कामं असतात. त्यात भर म्हणून न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीच्या मंडळाचं वार्तापत्र मी लावून देतो. फुकट, अर्थात. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. मराठी रकाना तिथल्या आजी-आजोबांसाठी आणि इंग्रजी रकाना तिथे जन्मलेल्या पोरांसाठी, तेलुगू सुनेसाठी आणि पंजाबी जावयासाठी. ताईचा हुकूम एकच: दोन्हीकडे तेच हवं.

आता तेच म्हणजे किती तेच? इंग्रजी मजकूर दहा पॉइंटात आरामात बसतो. मराठीला बारा लागतो, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकू नयेत म्हणून ओळींमधलं अंतरही वाढवावं लागतं. त्यामुळे इंग्रजी रकाना कोजागरीला पोचतो तेव्हा मराठी अजून गणपतीचे मोदक वळत असतो. शेवटी मी दोन रकान्यांचा नाद सोडला आणि कोष्टक केलं. एका कार्यक्रमाची एक आडवी ओळ, तिच्यात दोन चौकटी. इंग्रजी चौकटीत खाली पांढरी जागा राहते, तिथे ताई न विचारता फुलं टाकते.

मराठी मजकूर मंडळाचे माजी अध्यक्ष काका पाठवतात. त्यांचा फाँट जुना, युनिकोडच्या आधीचा. तो बदलून घेतला की अक्षरं येतात, पण रफार शेजारच्या घरी जाऊन बसतो. कार्यक्रमाचा ‘कायर्क्रम’ होतो आणि वर्गणीची ‘वगर्णी’. हे डोळ्यांनी शोधत बसायचं नाही, ‘यर्’ आणि ‘गर्’ टाकून शोधायचं, लगेच सापडतं. काकांना युनिकोडचं सांगून पाहिलं. ते म्हणाले, “अरे, माझ्या संगणकावर बरोबर दिसतंय.” या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

पण हे सगळं सोसवतं. खरा छळ तारखांचा.

२०२५ च्या गणपतीचा अंक घ्या. काकांच्या मराठी मजकुरात लिहिलेलं: ‘भाद्रपद शुद्ध चतुर्थी, बुधवार २७ ऑगस्ट, घरोघरी प्रतिष्ठापना.’ इंग्रजी मजकूर करणाऱ्या मुलीने लिहिलेलं: मंगळवार २६. मला वाटलं, पोरीने चूक केली. इथे आमच्याकडे चवथ बुधवारीच होती, माटोळीच्या बाजाराची गर्दी त्या हिशेबाने ठरलेली. मी २७ करून पाठवलं. ताईचा रात्री साडेअकराला फोन. तिची दुपार असते, त्यामुळे आवाजात भलताच उत्साह.

“तू कोणाला विचारून बदललंस? आमच्याकडे मंगळवारीच आहे.”

“ताई, चतुर्थी तुमच्यासाठी वेगळी उगवते का?”

“चतुर्थी तीच रे. सूर्य वेगळा उगवतो.”

दुसऱ्या दिवशी मी आमच्या भटजींना गाठलं. ते चवथीच्या तोंडावर कोणाला भेटत नाहीत, पण त्यांच्या पावतीपुस्तकांचं काम माझ्याकडे अडकलेलं होतं. त्यांनी पंचांग उघडून सांगितलं ते असं. तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी लागते, कारण ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर ठरते. बदलतं ते त्या क्षणी तुमच्या भिंतीवरचं घड्याळ. त्या वर्षी चतुर्थी आपल्याकडे २६ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. गणपती बसवायला मध्यान्हीची चतुर्थी लागते. २६ ला ती लागेपर्यंत आपला मध्यान्ह उलटला होता, म्हणून आपली चवथ २७ ला.

आता न्यू जर्सी. उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे. म्हणजे चतुर्थी लागली २६ च्या पहाटे साडेचारच्या आसपास आणि संपली २७ ला सकाळी सव्वासहाला, तिथला सूर्य वर यायच्या जरा आधी. २६ चा अख्खा मध्यान्ह चतुर्थीत, २७ च्या वाट्याला सूर्योदयसुद्धा नाही. पोरीचं बरोबर होतं. काकांनी भारतातून नेलेली दिनदर्शिका पाहून लिहिलं होतं. तिच्यावर सूर्य आपलाच उगवतो.

मग मराठी चौकटीत २६ केलं. काका बिथरले. “पुण्यात बुधवारी आणि आम्ही मंगळवारी? पुतण्या हसेल.” तडजोड म्हणून कंसात ‘भारतात बुधवार २७’ घातलं.

इथवर घरचे गणपती झाले. मंडळाचा गणपती राहिलाच. तो बसतो शनिवारी, कारण शाळेचा हॉल शनिवारी मिळतो. जवळचा शनिवार ३० ऑगस्ट, पण सोमवारी १ सप्टेंबरला तिथल्या कामगार दिनाची सुट्टी, म्हणजे तीन दिवसांचा सलग सुट्टीचा मौसम, निम्मं मंडळ गावाला. म्हणून शनिवार ६ सप्टेंबर. मी इथली दिनदर्शिका पाहिली. ६ सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी. पुण्या-मुंबईचे गणपती ज्या दिवशी पाण्यात उतरले, त्या दिवशी यांचा सकाळी दहाला पाटावर बसणार आणि संध्याकाळी पाचला उठणार, कारण साडेपाचला हॉलची किल्ली परत द्यायची.

एवढं झाल्यावर इंग्रजी चौकटीत तारीख आली ‘९/६’. अमेरिकेत महिना आधी लिहितात. नाशिकहून लेकीकडे आलेल्या एका आजोबांनी ती नऊ जून वाचली आणि गणपती होऊन गेला तरी आपल्याला कुणी नेलं नाही म्हणून दोन दिवस अबोला धरला. तेव्हापासून माझा नियम: दोन्ही चौकटींत महिना अक्षरांत आणि वार सक्तीचा. वार असला की चूक स्वतःच ओरडते.

दिवाळीचा कार्यक्रम रविवार २ नोव्हेंबरला, सकाळी अकराला, इथल्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपणासह. मराठी चौकटीत काकांनी कौतुकाने लिहिलं: ‘भारतात रात्री साडेआठ.’ साडेनऊ तासांचा हिशेब आता त्यांना पाठ. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, आणि अंतर होतं साडेदहा तासांचं. मी साडेनऊ केलं. काकांनी छापायच्या आदल्या रात्री पुन्हा साडेआठ केलं. परिणामी आई, दोन मावश्या आणि शेजारच्या वहिनी जेवणं आटोपून साडेआठला आमच्या दूरदर्शन संचासमोर बसल्या आणि तासभर रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या लावणारा एक मुलगा पाहत राहिल्या. मोठी मावशी म्हणाली, “काम नीट करतो हो. कुणाचा?” साडेनऊला नांदी सुरू झाली तेव्हा तिचा डोळा लागला होता.

संक्रांतीला मात्र मला हायसं वाटलं. ती सूर्यावर ठरते. २०२६ ला सूर्य मकरेत गेला तो आपल्याकडे १४ जानेवारीला दुपारी, तिकडे १४ च्याच पहाटे. दोन्ही चौकटींत एक तारीख! हळदीकुंकवाला हॉल मिळाला शनिवार २४ चा, आणि रथसप्तमी २५ ला, म्हणजे तिळगूळही मुदतीत. अंक पाठवून दिला. तासाभरात ताईचा निरोप: बर्फ पडला तर पर्यायी तारीख छापावी लागते, शनिवार ३१ टाक.

मी भटजींना फोन केला. रथसप्तमीनंतर हळदीकुंकू चालेल का? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बाबा, शास्त्रात बर्फाची सोय केलेली नाही.”