हाऊसच्या गुणांना भागायचं, पण कशाने?

डिसेंबर आला की मुंबईतल्या शाळांच्या पालक-ग्रुपवर एक भांडण हमखास रंगतं. क्रीडा दिनाचा गुणतक्ता लागतो, शेवटच्या क्रमांकाच्या हाऊसचे पालक लिहितात, "आमच्या हाऊसमध्ये मुलंच कमी आहेत, मग बरोबरी कशी होणार?" पहिल्या क्रमांकाचे पालक उत्तर देतात, "मैदानात जो जिंकला तो जिंकला." मग कुणीतरी शहाणा सुचवतो, "सरासरी काढा ना." आणि इथेच खरा घोळ सुरू होतो, कारण सरासरी म्हणजे नक्की कशाने भागायचं ते कुणीच सांगत नाही.

मी पी.टी. शिक्षक. गुणलेखकाच्या टेबलावर बसणं माझ्या वाट्याला नेहमीच येतं, म्हणून या विषयावर माझं ठाम मत आहे. ते आकड्यांशिवाय सांगता येणार नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बेतलेत, पण असे तक्ते मी पाहिलेले आहेत.

चार हाऊस. पाचवी ते नववीचा पट: लाल १२०, निळं ११२, हिरवं ११०, पिवळं ७२. (दहावी धरायची नाही. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर ती मुलं मैदानात नसतात, मग पटातही नकोत.) पिवळं इतकं रोडावलेलं का? काही शाळांत हाऊस तुकडीवर ठरलेलं असतं, आणि एक तुकडी बंद झाली की एक हाऊसच अर्धं होतं. त्यात भावंडं एकाच हाऊसमध्ये ठेवायची पद्धत. चाळ पुनर्विकासाला गेली आणि कुटुंबं विरार-बदलापूरकडे हलली, की एकाच घरातली दोन-दोन नावं एकाच हाऊसमधून कमी होतात.

स्पर्धा अशा: १४ वर्षांखालील आणि १७ वर्षांखालील, मुलगे आणि मुली, म्हणजे चार गट. प्रत्येक गटात १००, २०० आणि ४०० मीटर, लांब उडी, उंच उडी, गोळाफेक आणि रिले. वैयक्तिक स्पर्धेला ५-३-२-१ गुण, रिलेला दुप्पट. प्रत्येक हाऊसकडून एका वैयक्तिक स्पर्धेत जास्तीत जास्त दोन मुलं, रिलेला एकच संघ. लाल, निळं आणि हिरवं सगळ्या २८ स्पर्धांत उतरले. पिवळं २० मध्ये, एका गटात तर त्यांचा रिलेचा संघही झाला नाही.

निकाल: लाल १०४, निळं ९५, हिरवं ८७, पिवळं ६४.

न्याय-अन्यायाचं नंतर बघू, आधी बेरीज तपासू. गुणलेखकाने ही सवय लावून घ्यावीच. वैयक्तिक स्पर्धेत ११ गुण वाटले जातात, अशा २४ स्पर्धा म्हणजे २६४. रिलेला २२, चार रिले म्हणजे ८८. एकूण ३५२. एका रिलेत तीनच संघ, म्हणून चौथ्या क्रमांकाचे २ गुण वाटलेच गेले नाहीत, राहिले ३५०. तक्त्याची बेरीजही ३५०. ती ३५१ आली असती तर कुठेतरी चूक आहे, आणि दहातल्या नऊ वेळा ती उंच उडीत सापडते. दोन मुली दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत राहतात आणि चिठ्ठी घेऊन येणारा स्वयंसेवक दोघींना ३-३ गुण सांगतो. बरोबर हिशोब असा: दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे ३ आणि २ मिळून ५, ते निम्मे करून प्रत्येकीला अडीच. मग पुढचा क्रमांक चौथा. स्पर्धेचे ११ गुण ११च राहायला हवेत.

आता भागाकार. पालक-ग्रुपवरची सर्वांत लोकप्रिय सूचना म्हणजे उतरलेल्या मुलांच्या संख्येने भागा. समजा लालची ४० मुलं उतरली, निळ्याची ३८, हिरव्याची ३९, पिवळ्याची २३. माणशी गुण होतात लाल २.६, निळं २.५, हिरवं २.२३ आणि पिवळं २.७८. पिवळं पहिलं, सगळे खूश. आता हिरव्याच्या कॅप्टनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच्या ३९ पैकी १२ मुलांना एकही गुण मिळाला नाही. त्याने त्यांना मैदानात आणलंच नसतं, तर ८७ भागिले २७ म्हणजे ३.२२, आणि ढाल हिरव्याची! एकही शर्यत जास्त न जिंकता, बारा मुलांना घरी बसवून. पुढच्या वर्षी चारही कॅप्टन तेच करतील. चौथीपर्यंत कधी धावली नाही अशी मुलगी पहिल्यांदा नाव द्यायला येते, तेव्हा तिला कुणीतरी हळूच सांगेल, "तू राहू दे."

स्पर्धांच्या संख्येने भागणंही याच कुळातलं. पिवळ्याचे ६४ भागिले २० म्हणजे ३.२, लालचे १०४ भागिले २८ म्हणजे ३.७१. पण पिवळ्याने ज्या सहा स्पर्धांत मिळून ४च गुण कमावले, त्यांतून नावं मागे घेतली असती तर? ६० भागिले १४, म्हणजे ४.२९. पुन्हा तेच, कमी उतरा आणि वर या.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. ज्या आकड्याने भागायचं तो स्पर्धेच्या सकाळी कुणाच्या हातात नसावा. उतरलेली मुलं कॅप्टनच्या हातात असतात, स्पर्धांची निवड हाऊसच्या शिक्षकांच्या हातात असते. पट कुणाच्याच हातात नसतो. तोही क्रीडा दिनाचा नको, ३० सप्टेंबरचा धरावा, म्हणजे सोडून गेलेल्या-नव्याने आलेल्यांवरून वाद नको.

पण पटाने भागणं बरोबर तरी आहे का? लालच्या सरांचा आक्षेप ठरलेला असतो: "प्रत्येक स्पर्धेत सगळ्यांचे दोनच जण उतरतात. मग आमच्या मोठ्या पटाचा फायदा कुठे झाला?" आक्षेप वजनदार वाटतो, पण टिकत नाही. मुलं हाऊसमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटली असं समजा. ४१४ मुलांतला सगळ्यांत वेगवान मुलगा लालमध्ये असण्याची शक्यता १२० ला ४१४, पिवळ्यात असण्याची ७२ ला ४१४. दोनच जण उतरत असले तरी ते दोन कितीजणांतून निवडले हे महत्त्वाचं. म्हणजे पहिल्या क्रमांकाचे गुण साधारण पटाच्या प्रमाणातच जाणार. दोनच्या मर्यादेमुळे लालचा तिसरा चांगला धावपटू बाहेर बसतो आणि खालच्या क्रमांकांवर मोठ्या हाऊसचं थोडं नुकसान होतं, हे खरं. त्यामुळे पटाने भागण्यात लहान हाऊसला किंचित झुकतं माप मिळतं. मला तेवढं चालतं.

हिशोब करताना थेट भागू नका, ०.८८९ विरुद्ध ०.८६७ असले आकडे वाचून पालकांना काही कळत नाही. सरासरी पटाला आणा. चारही हाऊसचा सरासरी पट १०३.५. शीटमध्ये B स्तंभात गुण, C मध्ये पट असेल तर एकच सूत्र खालपर्यंत ओढायचं:

```
=B2*AVERAGE(C$2:C$5)/C2
```

पिवळं ९२, लाल ८९.७, निळं ८७.८, हिरवं ८१.९. तक्ता बोलका झाला. हिरवं पट विचारात घेऊनही मागेच आहे, त्यांना तक्रारीला जागा नाही. आणि मूळ तक्त्यात लालपेक्षा चाळीस गुणांनी मागे असलेलं पिवळं खरं तर सगळ्यांत चांगलं खेळलंय.

आता पिवळ्याचे पालक म्हणणार, "मग आम्ही ज्या आठ स्पर्धांत उतरू शकलो नाही त्यांचं काय?" काहीही नाही. तिथे शून्यच. मुली कमी होत्या म्हणून रिलेचा संघ झाला नाही, याची भरपाई पटाच्या भागाकारात एकदा झालेली आहे. तीच पुन्हा स्पर्धांच्या संख्येने दिली तर ९२ चे जवळपास १२९ होतील, लाल ८९.७ वरच राहील, आणि हा तक्ता बघून लालची मुलं हसतील. एका कमतरतेला दोनदा भरपाई देणं ही न्यायाच्या नावाखालची सर्वांत नेहमीची चूक, आणि ती सहसा चांगल्या मनाच्या बाईंकडूनच होते.

या पद्धतीची खरी अडचण वेगळी आहे आणि ती लालच्या सरांनी काढावी अशी माझी अपेक्षा असते, पण काढत नाहीत. पिवळ्यात एक जबरदस्त मुलगी आहे, तिने तीन स्पर्धा जिंकल्या, १५ गुण. पट लावल्यावर ते होतात २१.६. तशीच मुलगी लालमध्ये असती तर १२.९. म्हणजे लहान हाऊस एका मुलीच्या जिवावर वर जातं, आणि ती दहावीत गेली की पुढच्या वर्षी तितक्याच जोरात तळाला येतं. पिवळ्याची आघाडी २.३ गुणांची, म्हणजे ही मुलगी त्या दिवशी तापाने घरी राहिली असती तर ढाल लालकडे. यावर माझा उपाय असा की एका मुलाला वैयक्तिक स्पर्धा दोनच, शिवाय रिले. यात पिवळ्याच्या आणखी काही जागा रिकाम्या राहतील, आणि त्यांच्या शिक्षिका माझ्याशी भांडतील. भांडू देत. तीन-तीन पदकं एकाच गळ्यात घालण्यापेक्षा मला ते परवडतं.

आघाडी इतकी कमी असताना ढाल विभागून द्यावी का, असंही विचारतात. नाही. बरोबरी झाली तर पहिले क्रमांक मोजावेत, नाहीतर २.३ ने जिंकला तो जिंकला. मात्र त्यासाठी पट, सूत्र, बरोबरीचा नियम आणि एका मुलाची मर्यादा हे सगळं एका कागदावर लिहून, चारही हाऊसच्या शिक्षकांच्या सह्या घेऊन, नोव्हेंबरमध्ये फलकावर लागलेलं हवं. निकालानंतर काढलेली सरासरी, कितीही शुद्ध असली तरी, हरलेल्याला लबाडीच वाटते आणि त्यात त्याची चूक नाही.

आणि सूत्र लावायची वेळच येऊ नये म्हणून काम जूनमध्ये करायचं असतं. नवीन प्रवेश पटाने सर्वांत लहान हाऊसला, तेही मुलगे-मुली वेगळे मोजून. तुकडी बंद झाली तर उरलेली मुलं चारही हाऊसमध्ये वाटायची. भावंडं एकाच हाऊसमध्ये हा हट्ट मात्र मला सोडवता आलेला नाही. आईला एकाच रंगाचे टी-शर्ट घ्यायचे असतात, धाकट्याला दादाचा जुना चालतो, आणि टी-शर्टच्या किमतीपुढे माझं सूत्र कोण ऐकणार?