सूज ताजी असतानाच पित्ताशय का काढतात

वाचकाची प्रतिक्रिया: "आईच्या सोनोग्राफीत चार वर्षांपूर्वी खडे दिसले, तेव्हा डॉक्टर म्हणाले त्रास नाही तर हात लावू नका. परवा रात्रीपासून उजवीकडे सतत दुखतंय, ताप आहे, आणि दादरच्या हॉस्पिटलात सांगतात, उद्याच पिशवी काढू. आधी सूज उतरवायची आणि सहा आठवड्यांनी ऑपरेशन, असं आमच्या काकांच्या वेळी सांगितलं होतं. तुमच्या लेखात या घाईचं समर्थन आहे. मला हा बिलाचा खेळ वाटतो."

नमस्कार. आई ॲडमिट असताना लिहिलंत, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. चार वर्षांपूर्वीचा सल्ला बरोबर होता आणि आजचाही बरोबर वाटतो. खडे तेच आहेत, पण बहुधा त्यांतला एक आता पिशवीच्या तोंडाशी जाऊन अडकलाय.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तातले क्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेलं ठेवतात. यकृतातून कोलेस्टेरॉल जास्त येऊ लागलं आणि पित्ताशय नीट रिकामं होईनासं झालं, की त्याचे स्फटिक पिशवीतल्या चिकट द्रवात रुततात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. असा खडा पोकळीत सुटा पडून असेल तर दुखत नाही. त्रास नसलेल्या शंभर जणांपैकी वर्षाला एखाद-दोघांनाच दुखायला लागतं. त्या सगळ्यांची पिशवी काढणं म्हणजे बहुतेकांवर विनाकारण ऑपरेशन.

तुपा-तेलाचं जेवण झालं की पित्ताशय आकुंचन पावतं. खडा तोंडाशी आला तर वाट अडते, दाब वाढतो आणि बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते, कधी पाठीत उजव्या खांद्याकडे जाते. खडा मागे घसरला की अर्ध्या तासात किंवा काही तासांत ती थांबते. बरेच लोक हिला ॲसिडिटी समजून गोळी घेतात. कळ आपोआप थांबते आणि श्रेय गोळीला जातं. दुखणं पाच-सहा तासांच्या पुढे गेलं आणि ताप आला, तर खडा सुटलेला नाही, भिंतीला सूज आली आहे असं धरायचं. डॉक्टरांनी आईंच्या बरगडीखाली दाबून खोल श्वास घ्यायला सांगितला असेल. मध्येच श्वास अडखळला, तर ती याच सुजेची खूण.

आता सहा आठवड्यांचं. भारतातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईत केलं. त्या सुरुवातीच्या काळात सुजलेल्या पिशवीला दुर्बिणीने हात लावणं धोक्याचं मानत, म्हणून थांबायला सांगत. काकांना मिळालेला सल्ला त्या विचाराचा आहे. पण पहिल्या काही दिवसांत सुजेत पाणी असतं. पावसात भिजलेलं पोस्टर भिंतीवरून सुटावं तसे थर वेगळे होतात. आठवडा-दहा दिवसांनी तिथे चिकटपणा येतो, मग ऊती कडक होतात. तेव्हा पिशवीची नळी कुठे संपते आणि यकृताची मुख्य पित्तनलिका कुठे सुरू होते, ते ओळखणं अवघड जातं. ती मुख्य नलिका चुकून कापली जाणं हाच या ऑपरेशनचा सगळ्यात वाईट अपघात.

शिवाय त्या सहा आठवड्यांत खडा तिथेच असतो. थांबवून ठेवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला मधेच पुन्हा अटॅक येऊन तातडीने ऑपरेशन करावं लागतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत 24 तासांत ऑपरेशन झालेल्यांमध्ये गुंतागुंत सुमारे 12 टक्क्यांना झाली. आधी अँटिबायोटिक देऊन नंतर ऑपरेशन झालेल्यांमध्ये सुमारे 34 टक्क्यांना. लवकरच्या गटाचे हॉस्पिटलातले दिवस कमी भरले आणि खर्चही कमी झाला. बिलाची शंका घेणं तुमचा हक्क आहे, पण इथे उशीरच महाग पडतो. दोनदा ॲडमिट व्हावं लागतं.

घाई सगळ्यांसाठी नाही. दुखणं सुरू होऊन दहा दिवस उलटले असतील, हृदय फार कमजोर असेल किंवा रक्तदाब सावरत नसेल, तर थांबणं किंवा त्वचेतून पिशवीत नळी घालून पित्त काढणं शहाणपणाचं. आईंना परवा सुरू झालंय, म्हणजे त्या पहिल्या दिवसांतच आहेत.

आज सर्जनना तीन गोष्टी विचारा. बिलिरुबिन किती आहे आणि मुख्य पित्तनलिका सोनोग्राफीत रुंद दिसते का? तसं असेल तर खडा नलिकेत उतरलेला असू शकतो, आणि आधी तो शोधून काढावा लागेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची? आणि आत शिरल्यावर नळी स्पष्ट दिसली नाही तर काय करणार? "पिशवीचा काही भाग मागे ठेवून बाहेर येऊ किंवा पोट उघडू," असं उत्तर मिळालं, तर ते सावध सर्जनचं उत्तर आहे.