गाडी बंद होती, फक्त चावी चालू होती

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. आमच्या एका ड्रायव्हरकाकांचे पैसे कापायचा मेल आला. कारण काय, तर एका दिवसात 3 तास 10 मिनिटं आयडलिंग, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू, आणि एका ठिकाणी माल 40 मिनिटं उशिरा. तो रिपोर्ट मीच काढते, म्हणून जास्तच लागलं.

काका एवढंच म्हणाले, "मॅडम, गाडी बंद होती. पंख्यासाठी चावी फिरवली होती." कुणी ऐकूनच घेईना.

मग मी कच्चा डेटा उघडून बसले. गाडीत बसवलेला आमचा ट्रॅकर, ज्यावरून हा रिपोर्ट निघतो, तो इंजिन बघतच नाही हो! त्याची एक वायर चावीच्या लाइनला जोडलीय. चावी फिरलेली आणि वेग शून्य, की लागलं आयडलिंग मोजायला. पण तोच ट्रॅकर दर मिनिटाला बॅटरीचं व्होल्टेजही पाठवतो, ते कोण बघतंय? 12 व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असलं की अल्टरनेटर चार्ज करतो आणि आकडा 14 च्या आसपास राहतो. काकांच्या 190 मिनिटांपैकी 122 मिनिटं तो 12.4 वरून हळूहळू 12.1 वर उतरत गेलाय. म्हणजे इंजिन बंद, पंखा चालू. काका म्हणाले तेच!

राहिली 68 मिनिटं. आमच्या गाड्यांच्या टाकीत डिझेल मोजणारा सेन्सर नाही. 'तासाला दीड लिटर' हा आकडा कुणीतरी सेटिंगमध्ये टाकून ठेवलाय. त्या हिशोबाने काकांच्या नावावर पावणेपाच लिटर डिझेल चढलं. तोच दर धरला तरी 68 मिनिटांचं 1.7 लिटरच होतं.

आणि उशीर? पत्त्याभोवती 100 मीटरचं वर्तुळ आखलंय. गाडी त्यात शिरली की 'पोहोचली'. वेळ होती 11:00 ची. काका 10:50 लाच रांगेत लागले होते, पण रांगेचं शेपूट गेटपासून 350 मीटरवर. रांग सरकत वर्तुळात शिरायला 11:40 झाले. दहा मिनिटं आधी आलेला माणूस उशिरा ठरला.

काही जण इंजिन चालू ठेवून एसीत झोपतात, हे खरंय. ट्रॅकर नसता तर ते कळलंही नसतं, मान्य. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मधूनच चार्जिंग कमी करतो, तिथे व्होल्टेजवर विसंबून चालत नाही, इंजिनचे आरपीएमच घ्यावे लागतात. पण म्हणून एका वायरीच्या भरवशावर माणसाचा पगार कापायचा?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं तर मला माझंच वाईट वाटतंय. इतके महिने हा रिपोर्ट मी न उघडता पुढे पाठवत होते. काकांच्या आधी किती जणांचे पैसे गेले असतील?

मेलला उत्तर पाठवलंय, सोबत व्होल्टेजचा ग्राफ जोडलाय. उद्यापासून रांगेच्या जागेभोवती वेगळं वर्तुळ आखतेय. काका पहाटे गाडी काढतील, त्याआधी त्यांना फोन करून सांगणार आहे की पंख्याचं तुमचं म्हणणं बरोबर होतं.