अनंत शिडीचा रोध: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला. मी सातारला बारावीला फिजिक्स शिकवतो. 'अनंत शिडीतून एक पायरी काढली तरी शिडी तीच राहते, म्हणून आत x आणि बाहेरही x' हे मला हातचलाखी वाटतं. मुळात x आहे हे कुठे सिद्ध केलंत? वर्गसमीकरणाचं ऋण उत्तर सोयीसाठी टाकून दिलंत. आणि अनंत रेझिस्टर कोणी जोडलेत? मुलांना असल्या युक्त्या शिकवून काय साधतं?"

नमस्कार सर,

लेखात मी रेझिस्टरच्या न संपणाऱ्या शिडीचा एकूण रोध x धरला होता, आणि एक पायरी काढली तरी शिडी तीच राहते या युक्तीने वर्गसमीकरण मांडून तो काढला होता. तो x मुळात आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो. x आहे हे आधी ठरल्याशिवाय समीकरण मांडता येत नाही, हे अगदी खरं. १ + २ + ४ + ८ + … या बेरजेला S म्हणा. पहिला १ बाजूला काढला तर उरलेली बेरीज २S, म्हणजे S = १ + २S, म्हणजे S = −१. धन संख्यांची बेरीज ऋण! युक्ती तीच, पण S नावाची संख्याच नसल्यामुळे उत्तर निरर्थक आलं. मग शिडीच्या बाबतीत ती का चालते?

प्रत्येक रेझिस्टर १ ओहमचा धरू. एक पायरी म्हणजे वरच्या तारेत एक रेझिस्टर आणि त्याच्या पुढच्या टोकापासून खालच्या तारेपर्यंत एक आडवा. पायरीच्या पुढे y इतका रोध असेल, तर अलीकडून दिसणारा रोध १ + y/(१ + y). आता अनंत शिडी बाजूला ठेवा आणि पाचच पायऱ्यांची घ्या. तिच्या शेवटाला काय आहे हे आपल्याला माहीत नाही असं समजा. तिथे काहीही असलं, तरी ते दोन टोकांच्या मधलंच असणार: एक तर शेवट मोकळा सोडलेला, नाही तर तारेने शॉर्ट केलेला. शेवटचा रोध वाढवून अलीकडचा रोध कधी कमी होत नाही, त्यामुळे खरं उत्तर या दोन टोकांच्या उत्तरांमध्ये अडकतं.

शेवट मोकळा ठेवून एकेक पायरी वाढवत गेलं की उत्तरं येतात २, ५/३, १३/८, ३४/२१, ८९/५५. शॉर्ट करून येतात १, ३/२, ८/५, २१/१३, ५५/३४. (फिबोनाचीच्या संख्या इथे आपण होऊन येतात, मला हे दर वेळी आवडतं.) पहिली रांग उतरत जाते, दुसरी चढत जाते. एका पायरीला दोघींमधलं अंतर १ ओहम असतं, तीन पायऱ्यांना ०.०२५ आणि पाच पायऱ्यांना साधारण ०.०००५. दर पायरीला अंतर जवळजवळ सातव्या हिश्श्यावर येतं.

उतरणारी रांग चढणारीच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून दोन्ही कुठेतरी स्थिरावतात. जिथे स्थिरावतील त्या संख्येला आणखी एक पायरी जोडून फरक पडता कामा नये. म्हणजे ती संख्या x = १ + x/(१ + x) हे समीकरण पाळते, आणि त्यातून x² − x − १ = ० येतं. याचं धन उत्तर एकच आहे, १.६१८, म्हणून दोन्ही रांगा तिथेच भेटतात. समीकरण मांडायचा हक्क आपल्याला इथे मिळतो, आधी नाही. 'अनंत' या शब्दाचा अर्थही एवढाच, की शेवटाला काय आहे याने आता फरक पडत नाही.

अनंत रेझिस्टर कोणी जोडलेले नाहीत, पण दहा जोडता येतात. इथे सांगलीत मी मुलांकडून हे ब्रेडबोर्डवर करून घेतो, तुम्हीही वर्गात करून बघा. तपकिरी, काळा, लाल, सोनेरी पट्ट्यांचे, म्हणजे १ किलोओहमचे ५ टक्केवाले दहा रेझिस्टर घ्या आणि मल्टीमीटर २००० ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी तीनच पायऱ्या जोडा. शेवटच्या आडव्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना एक तार टेकवली की आकडा २५ ओहमच्या आसपास खाली येतो. तार काढली की परत वर. मग पाच पायऱ्या करा आणि तीच तार शेवटाला टेकवा. हिशोबाने फरक अर्ध्या ओहमचा, आणि मीटरला एका ओहमपेक्षा बारीक दिसतच नाही. मुलं तार पुन्हापुन्हा टेकवून बघतात आणि आकडा बहुतेक वेळा जागचा हलत नाही.

आकडा नेमका १६१८ येईलच असं नाही. १५८० किंवा १६५० दिसलं तर घाबरू नका, आणि पायऱ्या कमी पडल्या म्हणून आणखी जोडतही बसू नका. चूक बहुधा पहिल्या रेझिस्टरमध्ये सापडते. तो ४० ओहमने जास्त असेल, तर सगळं उत्तर तितकंच सरकतं. एकूण शक्तीपैकी ६२ टक्के त्या एकट्यात खर्च होते, २४ टक्के पहिल्या आडव्यात, आणि उरलेल्या सगळ्या शिडीला मिळून जेमतेम १५ टक्के. दहातला सगळ्यात अचूक रेझिस्टर मोजून निवडा आणि तो सुरुवातीला लावा.

आता ऋण उत्तर, −०.६१८. ते मी सोयीसाठी टाकलेलं नाही, शिडीच त्याला टिकू देत नाही. मुद्दाम त्याच्या अगदी जवळून, −०.६ पासून सुरुवात करा आणि पायऱ्या जोडत जा: −०.५, मग ०, मग १, १.५, १.६. पाच पायऱ्यांत गाडी धन उत्तरापाशी. १.६१८ च्या जवळची चूक दर पायरीला सुमारे सातपट लहान होते, तर −०.६१८ च्या जवळची तितकीच मोठी होते. त्याला अर्थ मात्र आहे. धन उत्तरात व्होल्टेज दर पायरीला ०.३८२ पट होतं: १० व्होल्ट दिले तर ३.८२, १.४६, ०.५६ असं विरत जातं. ऋण उत्तरात ते दर पायरीला २.६१८ पट वाढतं. म्हणजे ऊर्जा पलीकडच्या टोकाकडून आपल्याकडे येते आहे. आपण बॅटरी अलीकडे लावली आहे आणि पलीकडे काही नाही, त्यामुळे हे उत्तर आपल्या प्रश्नाचं नाही.

ही युक्ती डोळे झाकून वापरू नये, या तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण याच शिडीत आहे. वरच्या रेझिस्टरच्या जागी आदर्श कॉइल आणि आडव्याच्या जागी आदर्श कपॅसिटर लावा, आणि एसी द्या. विशिष्ट वारंवारतेच्या खाली तेच स्वसमानतेचं समीकरण असा इम्पीडन्स देतं ज्यात वास्तव भाग असतो, म्हणजे शिडी ऊर्जा शोषते. पण कॉइल आणि कपॅसिटर ऊर्जा खर्च करत नाहीत, म्हणून पाच पायऱ्या घ्या की पाच हजार, मोकळ्या किंवा शॉर्ट केलेल्या शेवटाच्या शिडीचा इम्पीडन्स निव्वळ काल्पनिकच राहतो, म्हणजे त्यात वास्तव भाग येतच नाही. पायऱ्या वाढवत नेल्या तरी तो कुठेही स्थिरावत नाही, कारण लाट शेवटापर्यंत न विरता जाते आणि परत येते. इथे मोकळा आणि शॉर्ट शेवट एकमेकांच्या जवळ येतच नाहीत. प्रत्येक कॉइलला थोडासा रोध दिला की परतणारी लाट वाटेत विरते आणि रांग स्थिरावते. मग पायऱ्या अनंत करून त्यानंतर तो रोध शून्याकडे न्यायचा, म्हणजे समीकरणाचं उत्तर मिळतं. आधी रोध शून्य केला आणि मग पायऱ्या वाढवल्या, तर उत्तरच नाही.