मित्र न विचारता गाडी नेतो? खबरदार, त्याला तोंडावर सांगाल तर!

सगळ्यात आधी अभिनंदन. तुमच्याकडे हक्काने वागणारा मित्र आहे. हक्काने म्हणजे कसं, तर तो येतो, खिळ्यावरची किल्ली काढतो आणि जिना उतरता उतरता वरच्या वर ओरडतो, "गाडी नेतोय रे, पाच मिनिटांत आलो!" तुम्ही तेव्हा तोंडात ब्रश घेऊन उभे असता त्यामुळे तुम्हाला फक्त "हं" करता येतं आणि ते "हं" म्हणजे त्याच्या लेखी सही-शिक्क्याची परवानगी असते. आता हा माणूस तुमचे शर्ट पण नेतो, चार्जर पण नेतो, इअरफोनचा तर विषयच सोडा (दुसऱ्याच्या कानातून आलेला इअरफोन परत आपल्या कानात घालायला वेगळंच धाडस लागतं), पण आपण सध्या गाडीपुरतंच बोलू. एक गाडी निस्तरता आली की बाकीचं कपाट आपोआप येतं.

तर प्रश्न असा की त्याला थांबवायचं कसं. माझा अनुभवी सल्ला आहे की काहीही झालं तरी त्याला सरळ सांगू नका. सरळ सांगितलं की त्याला कळतं, आणि एकदा कळलं की तुमच्या हातात काय उरलं?

त्याऐवजी आधी पुरावे गोळा करा. गाडी परत आली की खाली जाऊन तिच्याभोवती एक फेरी मारा. आरसे वळलेले असतात, कारण तो तुमच्यापेक्षा उंच आहे. पेट्रोलचा काटा बरोबर रिझर्व्हच्या रेघेवर टेकलेला असतो. हे एक कौशल्य आहे बरं का, गाडी तुमच्या दारापर्यंत येईल पण तुमच्या ऑफिसपर्यंत जाणार नाही इतकंच पेट्रोल शिल्लक ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. हेल्मेटच्या आतलं अस्तर ओलसर, पट्टा दोन बोटं सैल, आणि डिकीत कुणाचा तरी रुमाल. हे सगळं नीट बघा, मनात नोंदवा आणि वर येऊन तो "थँक्स रे" म्हणाला की लगेच म्हणा, "अरे चालतंय रे!" हे वाक्य फार महत्त्वाचं. आवाज मोकळा ठेवा, चेहरा हसरा. त्याला जरासुद्धा शंका यायला नको की काही चालत नाहीये. उद्या तो परत नेईल तेव्हा तुम्हाला मनातल्या मनात म्हणता येईल, "याला कळत कसं नाही?"

मग पुढची पायरी, सूचक बोलणं. स्टेटस टाका. "काही लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नसते", खाली सूर्यास्ताचा फोटो. तो पहिल्या मिनिटाला बघेल, हसण्याची इमोजी टाकेल आणि विचारेल, "कोणासाठी रे हे? असली माणसं असतात यार, माझा पण एक कलीग असाच आहे." आणि हे तो तुमच्याच चार्जरवर फोन लावून टाइप करत असेल. इथे खचून जाऊ नका. स्टेटस अजून थोडा गूढ करा.

सूचकतेचा कंटाळा आला तर बहाणे सुरू करा, याच्याइतका करमणुकीचा प्रकार नाही. तुम्ही म्हणता, पेट्रोल नाहीये. तो म्हणतो, मी टाकतो ना, आणि टाकतो पण, त्याच्या फेरीपुरतं. तुम्ही म्हणता, ब्रेक नीट लागत नाहीयेत. तो म्हणतो, टेन्शन घेऊ नको, मी हळू चालवतो. तुम्ही म्हणता, मला स्वतःलाच बाहेर जायचंय. किती वाजता? सातला. मग काय, मी साडेसहाला आलोच! आणि साडेसातला फोन केला तर "अरे निघालोच". बहाण्याची खरी गंमत ही आहे की प्रत्येक बहाणा म्हणजे त्याच्यापुढे ठेवलेली एक अडचण असते, आणि मित्र म्हटल्यावर तो अडचण सोडवणारच. मूळ मुद्दा, म्हणजे गाडी तुमची आहे आणि तुम्हाला विचारलं गेलं नाही, तो या संभाषणात कुठेच येत नाही. त्यामुळे बहाणे वर्षानुवर्षं पुरतात.

दरम्यान ही गोष्ट बाकीच्या सगळ्या मित्रांना सांगायला विसरू नका, फक्त त्याला सोडून. ग्रुपमध्ये सगळे तुमच्याच बाजूने असतील, "तू फार चांगला आहेस म्हणून", "मी असतो ना तर". मग कधीतरी कुणीतरी त्याच्या कानावर घालेल आणि तो पडलेल्या चेहऱ्याने येऊन विचारेल, "माझ्याशी बोलायचंस ना यार, सगळ्या गावाला सांगत सुटलास?" बघा, क्षणात पारडं फिरलं. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं, आणि दुखावला गेला तो. आता त्याची समजूत काढण्यासाठी तुम्ही स्वतःहून म्हणणार, "अरे तसं नाही रे, तू कधीही ने."

आणि एवढं करूनही आतली वाफ कोंडलेलीच राहिली तर एकदाच फोडा, पण वेळ अचूक साधा. तुम्हाला कुठेतरी पोचायचंय, उशीर झालाय, गाडी जागेवर नाही, आणि तो शीळ घालत गेटातून आत येतोय, हा मुहूर्त. फक्त गाडीवर थांबू नका. तो शर्ट ज्याची कॉलर पिवळी झाली, ती पॉवर बँक जी "माझ्याकडे नाहीये, नीट बघ" म्हणाला आणि त्याच्याच बॅगेत निघाली, सगळं एका दमात काढा. तो एवढंच म्हणेल, "एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा चिडलास?" आणि चार माणसांसमोर ओरडल्याबद्दल माफी मागायची पाळी तुमच्यावर येईल. गाडीचा विषय तिथेच संपतो. किल्ली परत खिळ्यावर जाते.

आता एका धोक्याची सूचना द्यायलाच हवी, कारण काही माणसं अतिशहाणपणा करून भलताच मार्ग धरतात. ते काय करतात, तर त्याला गाडीची गरज नसताना, दोघंच असताना, भांडण वगैरे काही चालू नसताना एकदम म्हणतात, "ऐक ना, गाडी न्यायच्या आधी मला विचारत जा. मी हो म्हटलं तरच ने, आणि माझा रिप्लाय आला नाही तर नको समज." बस. ना शर्ट, ना पॉवर बँक, ना "तू नेहमीच असा वागतोस". आणि पुढचा भाग तर अजूनच भयंकर, एवढं बोलून ते गप्प बसतात. ती शांतता भरून काढायला "म्हणजे तसं काही नाही, राग मानू नको, कधीतरी चालतं" असलं काहीही जोडत नाहीत. तुम्ही मात्र हे जोडाच, कारण त्याला नेमकं "कधीतरी चालतं" एवढंच ऐकू जातं.

असल्या माणसांना मित्र अर्थातच म्हणतो, "आपल्यात आता विचारायचं पण का?" तर हे निर्लज्जपणे म्हणतात, "हो, गाडीसाठी विचारायचं." तो विचारतो, "आणि इमर्जन्सी आली तर?" हे म्हणतात, "तेव्हा फोन कर, मी उचलतो." वाद घालायला काही टोकच मिळत नाही, काय अर्थ आहे अशा बोलण्याला? वर ते हेही सांगतात की फोटो निघून दंड आला तर तो गाडीच्या नंबरवरून येतो, म्हणजे आधी माझ्या नावावर, आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते, तेव्हा कोण नेतंय आणि पुढे कुणाच्या हातात देतंय हे मला माहीत पाहिजे. हा शेवटचा भाग विशेष खोचक, कारण तुमची गाडी तुमच्या मित्राच्या मित्राकडून त्याच्या चुलतभावाकडे गेलेली असते आणि डिकीतला तो रुमाल नेमका त्याचाच असतो.

मग ते सुटी किल्ली परत मागतात. म्हणजे ती दुसरी, जी कधीतरी "असू दे तुझ्याकडे" म्हणून दिली होती. आणि मुख्य किल्ली खिळ्यावरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात. लपवत नाहीत हं, त्याच्यासमोर ठेवतात. लपवली तर तो शोधेल, सापडली की जिंकल्यासारखा घेऊन जाईल, आणि तो एक खेळ होऊन बसेल. समोर ठेवलेली किल्ली काढायची म्हणजे ड्रॉवर उघडावा लागतो, आणि दुसऱ्याचा ड्रॉवर उघडताना भल्याभल्यांचा हात जरा अडखळतो.

तरी तो लगेच सुधारत नाही हा एक दिलासा आहे. एक दिवस मेसेज येतोच, "गाडी नेलीय रे", खाली हात जोडलेली इमोजी. इथे तुमच्यासारखा सज्जन माणूस "ओके" लिहून मोकळा होईल आणि केलेलं सगळं त्या एका "ओके"त धुतलं जाईल. पण तो दुष्ट माणूस लिहितो, "विचारलं नव्हतंस. आत्ता आणून दे." आणि तो गाडी आणेपर्यंत खरंच वाट बघतो, आणल्यावर "चालतंय" म्हणत नाही, टोमणाही मारत नाही, किल्ली घेतो आणि चहाचं विचारतो. समोरच्याला रागवावं की चहा घ्यावा तेच कळत नाही.

याचे परिणाम फार वाईट होतात. मित्र काही दिवस थोडा फुगून राहतो, मग अचानक एका दुपारी विचारतो, "उद्या संध्याकाळी गाडी मिळेल का? नऊपर्यंत आणून देतो, पेट्रोल टाकून." आता आली का पंचाईत? इतके दिवस निर्णय तो घेत होता, तुम्ही फक्त चिडत होतात, केवढी सोय होती. आता हो की नाही हे तुम्हाला ठरवावं लागणार. हो म्हटलं तर गाडी जाणार आणि तक्रार करायला जागा नाही. नाही म्हटलं तर तो "बरं" म्हणून बसने निघून जाणार, कारणसुद्धा विचारणार नाही, आणि तुम्ही रात्री झोपताना मनात तयार करून ठेवलेली पंधरा उत्तरं तशीच वाया.

शिवाय ग्रुपवर बोलायला नवीन विषय शोधावा लागेल तो वेगळाच.