वाढदिवसाच्या चिठ्ठीत "बोलत जा" लिहू नका

वर्गात न बोलणाऱ्या पोराचा वाढदिवस आला की आपण शिक्षक काय करतो? त्याला समोर उभं करतो, सगळा वर्ग टाळ्या वाजवून हॅपी बर्थडे म्हणतो आणि मग आपणच म्हणतो, चल आता दोन शब्द बोल. त्याच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात वाईट तास असतो राव. चॉकलेटचा पुडा हातात धरून कधी एकदा बेंचवर जाऊन बसतोय असं झालेलं असतं त्याला.

मी अशा पोरांना चिठ्ठी देते. साधा वहीचा कागद, घडी घालून, तपासलेल्या वहीत ठेवून. डायरीत लिहीत नाही कारण डायरी घरी सगळे वाचतात आणि मग आई पाहुण्यांसमोर म्हणते "बघा बाईंनी पण लिहिलंय, बोलत नाही म्हणून", संपलं मग.

सहावीतल्या एका मुलाला दिलेली चिठ्ठी सांगते. हजेरीला फक्त हात वर करायचा, बाकी डबा खाताना शेजारच्याशी हळू आवाजात बोलायचा. विज्ञानाच्या वहीत त्याने एक ओळ लिहिली होती, की मटकीचं रोप खिडकीकडे वाकतंय, कुंडी फिरवली की परत तिकडेच वाकतं. मी न सांगता त्याने स्वतःच कुंडी फिरवून बघितली होती. चिठ्ठीत लिहिलं:

"वाढदिवसाच्या शुभेच्छा. रोप प्रकाशाकडे वाकतं हे आपल्या वर्गात सगळ्यात आधी तुला दिसलं. त्या दिवसापासून मी पण कुंडी फिरवून बघते. पुढच्या आठवड्यात रोपांची उंची वर्गाला सांगायची आहे. तू वाचून दाखव, नाहीतर फळ्यावर लिही, नाहीतर या वेळी राहू दे. काय ते मला वहीत लिहून कळव. न सांगता मी तुला उभं करणार नाही."

यात "तू खूप हुशार आहेस" नाही, कारण हुशार म्हटलं की चुकायची भीती वाढते. "शांत, गुणी मुलगा" पण नाही, तो शिक्का एकदा बसला की पोरगं त्यातच अडकतं, एखाद दिवशी बोललं तर सगळा वर्ग "अरे हा बोलला!" म्हणून मागे वळून बघतो. आणि "पुढच्या वर्षी तू सगळ्यांसारखा धडाधडा बोलशील" हे तर नकोच, ती शुभेच्छा नाही, तक्रार आहे. त्याने केलेलं एकच खरं काम लिहायचं, आपण बघितलंय हे त्याला कळेल असं.

चिठ्ठीतली शेवटची ओळ लिहिली की ती पाळावी लागते, घाई न करता थांबावं लागतं, खरं अवघड ते आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गातली टेप्स ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी पोरंही उत्तर देतात. स्वतः करून बघा, तीन सेकंद म्हणजे युग वाटतं, पुढच्या बेंचवरच्यांचे हात वर आणि "बाई मी, बाई मी" चालू.

त्याने वहीत "फळ्यावर" एवढंच लिहिलं. उंची लिहिली, सेंटीमीटर लिहायचा राहिला, शेजारच्याने ओरडून सांगितलं, त्याने लिहिला. पुढच्या वेळी मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन फक्त मला आकडे वाचून दाखवले, मग शेजारच्या मित्राला घेऊन आला, मग त्यांच्या रांगेसमोर. यात दिवाळीची सुट्टी येऊन गेली. अख्ख्या वर्गासमोर अजून नाही, आणि मी विचारतही नाही. चिठ्ठीचा उपयोग झाला हे आवाजावरून नाही कळत, पोरगं आपणहून टेबलापाशी येतं का यावरून कळतं.

पण एक आहे, चिठ्ठी म्हणजे औषध नाही. घरी भरपूर बडबड आणि शाळेत महिना महिना एक शब्द नाही (शाळेचा पहिला महिना सोडून द्या, तेव्हा बरीच पोरं गप्प असतात) तर तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो. डॉक्टर लोक तो चिंतेच्या आजारांत धरतात, हट्टीपणा किंवा आगाऊपणा नाही तो. तेव्हा पालकांशी एकट्याने बोलून समुपदेशकाकडे पाठवायचं. ऐकू नीट येतंय का, घरची भाषा वेगळी आहे का, हेही आधी बघायचं.

आता कमेंटमध्ये येणारच, "मॅडम साठ पोरं आहेत वर्गात". साठांना नका लिहू ना, अशी तीन-चारच असतात, हजेरी घेताना कळतात. फक्त मे महिन्यात वाढदिवस असणारी सुटतात दरवर्षी, त्यांची चिठ्ठी जूनमध्ये शाळा उघडल्यावर द्या. आणि रजिस्टरवर १ जून दिसला तर आधी पोराला विचारून घ्या, आपल्याकडे अजूनही कुठेकुठे ती तारीख शाळेनेच टाकलेली असते.