ऑडिट झालेला नफा घेतला की वाद मिटतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

«साध्या गोष्टीचा बाऊ केलाय. ऑडिट झालेला नफा घ्यायचा, विषय संपला. तुमच्यासारख्या सल्लागारांमुळेच भांडणं लागतात. पैसे एस्क्रोमध्ये असतातच, मग विक्रेत्याला भीती कसली? आणि अठरा महिन्यांची मर्यादा सगळ्यांना लागू नसते, एवढंही ठाऊक नाही? करावर तर एक शब्द नाही.» – एक वाचक, घणसोली

नमस्कार. माझा लेख अर्न-आऊटवर होता, म्हणजे कंपनी विकल्यावर तिच्या पुढच्या नफ्यावर अवलंबून विक्रेत्याला नंतर मिळणाऱ्या रकमेवर. अठरा महिन्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. खरेदीदार किंवा विक्रेता यांपैकी एक अनिवासी असेल तेव्हाच उरलेली रक्कम अठरा महिन्यांत देण्याची मर्यादा येते, आणि तेव्हाही किमतीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच रक्कम मागे ठेवता येते. लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

पण «भांडणं लागतात» हे मला लागलं. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांचे असे हिशेब मी सतरा वर्षं तपासतो आहे. भांडण लागल्यावर माणसं माझ्याकडे येतात, माझ्यामुळे लागत नाही. मतभेद मांडा, हेतूवर बोट ठेवू नका.

आता तुमचं «ऑडिट झालेला नफा घ्यायचा» हे वाक्य. अर्न-आऊट बहुतेक वेळा एबिटडावर, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यावर ठरतो. कायद्याने ठरलेल्या नफा-तोटा पत्रकाच्या नमुन्यात ही ओळच नाही. ऑडिटर जो आकडा तपासून देतो त्यातून एबिटडा कुणीतरी काढायचा असतो. मुदत ठेवीवरचं व्याज उत्पन्नात धरायचं का, जुन्या यंत्राच्या विक्रीतला फायदा धरायचा का, याचं उत्तर ऑडिटरच्या अहवालात मिळत नाही. ते करारातच लिहावं लागतं.

एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचं उदाहरण घ्या. रबाळ्यातला पॅकेजिंगचा कारखाना मोठ्या समूहाने घेतला. पहिल्या वर्षी एबिटडा २ कोटी ४० लाख झाला तर विक्रेत्याला आणखी ९० लाख, एक रुपया कमी पडला तरी शून्य. ऑडिट झालेल्या पुस्तकांवरून एबिटडा निघतो २ कोटी २३ लाख. विक्रेता म्हणतो २ कोटी ५२ लाख. फरक २९ लाखांचा आणि तो दोनच नोंदींतून आलेला.

पहिली नोंद १८ लाखांची, समूहाच्या मुख्य कार्यालयाच्या खर्चातला वाटा. दुसरी ११ लाखांची, बुडीत उधारीची तरतूद. विक्रेता १८० दिवस थकलेल्या बिलांची तरतूद करायचा, समूह ९० दिवसांनंतर करतो. दोन्ही पद्धती हिशेबाच्या मानकांत बसू शकतात, म्हणून ऑडिटर सही करतो आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. विकलेला धंदा पूर्वीच्याच मापाने मोजला तर किती कमावतो, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

विक्रेत्याचा आकडाही तसाच्या तसा घेता येत नाही. पूर्वी पगार आणि लेखा विभागावर कारखाना वर्षाला ६ लाख खर्च करायचा आणि आता ते काम मुख्य कार्यालय करतं. मग १८ पैकी ६ लाख रास्त खर्च, १२ लाख परत मिळवायचे. तरतूद जुन्या पद्धतीने मोजली की ११ लाख परत येतात. एबिटडा होतो २ कोटी ४६ लाख आणि ९० लाख देय होतात. माझी भूमिका खरेदीदारविरोधी आहे असं वाटलं असेल, तर या ६ लाखांकडे पुन्हा पाहा.

म्हणून करारात क्रम लिहायचा: आधी या व्यवहारासाठी ठरवलेले खास नियम, मग विक्रीपूर्वीची पद्धत, शेवटी मानकं. सोबत मागच्या वर्षाच्या आकड्यांवर सोडवलेलं नमुना गणित जोडायचं. शून्य किंवा ९० लाख अशी कडाही टाळावी. २ कोटी १० ते २ कोटी ४० लाखांदरम्यान प्रमाणात रक्कम ठेवली असती, तर २ कोटी २३ लाखांवरही ३९ लाख मिळाले असते, आणि एकेका लाखासाठी दोन्ही बाजू इतक्या ताणल्या नसत्या.

तरीही पटलं नाही तर? खरेदीदाराने हिशेब दिल्यावर विक्रेत्याला तीसएक दिवस, वही-बिलं पाहायचा हक्क, आणि आक्षेप नोंदवार. उरलेल्याच नोंदी तटस्थ सीएकडे जातात आणि त्याने दोघांच्या आकड्यांच्या मधलाच आकडा द्यायचा. तो तज्ज्ञ म्हणून बसतो की १९९६ च्या कायद्याखालचा लवाद म्हणून, हे शब्दांत लिहा. लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल होतो. तज्ज्ञाचा आकडा न पाळणाऱ्याविरुद्ध करारभंगाचा दावाच करावा लागतो.

आता एस्क्रोबद्दल, म्हणजे व्यवहाराचे पैसे बँकेच्या ज्या त्रयस्थ खात्यात ठेवतात त्याबद्दल, थोडक्यात. ते पैसे बहुधा जुन्या जीएसटी मागण्या आणि विक्रेत्याने दिलेल्या हमींसाठी असतात. अर्न-आऊटची रक्कम वेगळी भरली नसेल तर ती त्या खात्यात नसतेच. असली तरी बँक दोघांच्या सह्यांच्या पत्रावर, नाहीतर निवाड्यावर किंवा कोर्टाच्या आदेशावरच ती सोडते. नफा कुणाचा खरा, हे बँक ठरवत नाही. म्हणून वाद नसलेला भाग लगेच सोडायचा, असं कलम एस्क्रो करारातही हवं, नुसत्या विक्री करारात असून चालत नाही.

कराचा विषय त्या लेखाचा नव्हता.